सायबर जागरूकता दिनाचं भाषण: टू-स्टेप व्हेरिफिकेशन सभागृहातच सुरू करून घेण्याची पद्धत

कॉलेजच्या सायबर जागरूकता दिनाला टू-स्टेप व्हेरिफिकेशनवर, म्हणजे खातं उघडताना ओळखीचा दुसरा पुरावाही मागणाऱ्या सेटिंगवर, भाषण असतंच. ते बहुधा एकाच साच्यातलं असतं: सायबर गुन्हे किती वाढलेत, मग व्याख्या, मग फायदे, आणि शेवटी “म्हणून आजच सुरू करा.” टाळ्या पडतात, मुलं बाहेर पडतात आणि सेटिंग तसंच बंद राहतं. मुलांना विषय पटलेला असतो. चूक एवढीच होते की करायचं काम भाषणानंतरवर ढकललेलं असतं आणि बाहेर पडल्यावर नेमकं कुठे दाबायचं हे कुणाला आठवत नाही.

या लेखात दहा मिनिटांच्या भाषणाची अशी बांधणी दिली आहे की त्यातली चार मिनिटं श्रोते स्वतःच्या फोनवर सेटिंग सुरू करण्यात घालवतील. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १: सभागृहासाठी एकच खातं निवडा

ईमेल, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, बँक अशी सगळी खाती एका भाषणात घेतली की एकही पूर्ण होत नाही. प्रत्येक अ‍ॅपचा मेन्यू वेगळा असतो. तुम्ही तिसऱ्या अ‍ॅपवर पोचता तेव्हा निम्मे श्रोते पहिल्यातच अडकलेले असतात.

महत्त्वाच्या दृष्टीने पाहिलं तर पहिला मान ईमेलचा, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. तरीही सभागृहात प्रत्यक्ष करून घेण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप निवडा. गूगलचं सेटिंग उघडताना पासवर्ड विचारला जातो, आणि फोनवर वर्षानुवर्षं लॉग-इन असलेल्या अनेकांना तो आठवत नाही. पासवर्ड बदलण्याच्या खटपटीत भाषणाची वेळ संपते. शिवाय ईमेलचं काम घाईत केलं तर माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर अडकू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपला पासवर्ड लागत नाही आणि सगळं काम पाच-सहा स्क्रीनमध्ये उरकतं.

म्हणून विभागणी अशी ठेवा: व्हॉट्सअ‍ॅप सभागृहात, ईमेल त्याच दिवशी घरी किंवा खोलीवर निवांतपणे.

दहा मिनिटांचा हिशेब साधारण असा बसतो: हल्ला कसा होतो हे सांगायला दोन मिनिटं, या सेटिंगमध्ये आपण ठरवतो तो सहा आकडी पिन काय करतो यासाठी एक, प्रत्यक्ष सेटिंगला चार, ईमेलच्या सूचनांना दोन आणि मर्यादा सांगायला एक. प्रश्नोत्तरांची वेळ आयोजकांकडून वेगळी मागून घ्या. ती मिळत नसेल तर सुरुवातीचा भाग कापा. सेटिंगच्या चार मिनिटांना हात लावू नका.

## टप्पा २: मजकूर लिहिण्याआधीची तयारी

पहिलं काम म्हणजे स्वतःच्या फोनवर पिन सुरू करून पाहणं. तो आधीपासून सुरू असेल तर बंद करून पुन्हा सुरू करा. श्रोत्यांना जे स्क्रीन दिसणार आहेत ते तुमच्या डोळ्यांखालून आदल्या दिवशीच गेलेले हवेत, कारण अ‍ॅपमध्ये बटणांची नावं आणि जागा अधूनमधून बदलतात.

मार्ग असा आहे:

```
Settings → Account → Two-step verification
→ Turn on (किंवा Set up PIN)
```

अँड्रॉइडवर Settings हे वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत सापडतं, आयफोनवर खालच्या पट्टीत. दोन्ही प्रकारचे फोन हाताशी घेऊन हा मार्ग तपासा. फक्त अँड्रॉइडचा रस्ता सांगितला की आयफोनवाले पहिल्याच पायरीला थांबतात आणि ओशाळून हातही वर करत नाहीत. काहींच्या फोनची भाषा मराठी असते आणि त्यांना मेन्यूची नावं मराठीत दिसतात, म्हणून एखाद्या फोनची भाषा बदलून तेही स्क्रीन बघून ठेवा.

प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट घ्या आणि एका स्लाइडवर एकच चित्र ठेवा. पिन टाकण्याच्या स्क्रीनवर तुमचे खरे आकडे किंवा ईमेलचा पत्ता दिसत नाही ना, हे पाहून घ्या. प्रोजेक्टरवर स्वतःचा फोन थेट दाखवू नका. मध्येच आलेला एखादा खाजगी संदेश किंवा कोड सगळ्यांसमोर दिसेल.

हे सेटिंग साठवायला इंटरनेट लागतं. सभागृहात जाऊन शेवटच्या रांगेत आणि बाल्कनीखाली नेटवर्क मिळतं का ते बघा. सगळे एकाच वाय-फायवर आले तर वेग मंदावतो, म्हणून मोबाइल डेटा वापरायला सांगणं बरं.

शेवटची तयारी मदतनिसांची. दर तीन-चार रांगांमागे एक मित्र किंवा मैत्रीण उभी राहील असं ठरवा आणि त्यांना दोन नियम पाळायला लावा: कुणाचा फोन हातात घ्यायचा नाही आणि पिन टाकताना स्क्रीनकडे पाहायचं नाही. त्यांनी फक्त तोंडी सांगायचं. मदतनीस स्वतःच भराभर बटणं दाबू लागला तर ज्याचा फोन आहे त्याला आपला पिन काय ठेवला हेही कळत नाही.

तपासा: मदतनिसांच्या स्वतःच्या फोनवर पिन सुरू आहे का?

## टप्पा ३: पहिली दोन मिनिटं, एकच प्रसंग

सुरुवात व्याख्येने करू नका, आकडेवारीनेही नको. श्रोत्यांच्या फोनवर येऊ शकेल असा एकच हल्ला घ्या आणि तो पायरी-पायरीने उलगडा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी सगळ्यात योग्य प्रसंग म्हणजे “चुकून तुझ्याकडे गेलेला कोड.” भाषणात तो असा मांडता येईल:

> “मित्रमैत्रिणींनो, समजा आज रात्री तुमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या नंबरवरून संदेश आला. ‘अगं, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय, लगेच पाठव ना.’ त्याच वेळी तुमच्या फोनवर खरोखर एक एसएमएस येतो आणि त्यात सहा आकडे असतात. नंबर ओळखीचा, घाई खरी वाटणारी. तुम्ही आकडे पाठवता. पुढच्याच मिनिटाला तुमचं व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या फोनवरून बाहेर पडतं.”

इथे क्षणभर थांबा आणि पडद्यामागे काय घडलं ते सांगा. यंत्रणा समजली की माणूस पुढच्या वेळी वेगळ्या शब्दांत आलेला तोच डावही ओळखतो.

> “मैत्रिणीचं खातं आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं होतं. त्या माणसाने आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि नोंदणीसाठी तुमचा नंबर टाकला. हा नंबर खरंच तुमचा आहे का हे पाहायला व्हॉट्सअ‍ॅपने तुम्हाला कोड पाठवला. तो मैत्रिणीचा कधीच नव्हता, तो तुमच्याच खात्याचा होता. तुम्ही तो दिलात आणि खातं त्याच्या फोनवर उघडलं. तुमचे जुने संदेश त्याला दिसत नाहीत, ते तुमच्या फोनमध्येच आहेत. पण तुमचे ग्रुप आणि इथून पुढचे संदेश त्याच्याकडे जातात, आणि तुमच्या नावाने पैसे मागायला तो मोकळा होतो.”

यातला शेवटून दुसरा भाग गाळू नका. “हॅकरला तुमचे सगळे फोटो आणि चॅट दिसतात” असं सरसकट सांगणारे वक्ते असतात. या हल्ल्यात ते खरं नाही. श्रोत्यांत एखादा जाणकार असला तर तो तिथेच हरकत घेईल आणि मग तुमच्या बाकी बोलण्यावरचा विश्वासही जाईल.

आता पिन सुरू नसल्याचा खरा फटका. खातं बळकावणारा बहुधा लगेच स्वतःचा पिन लावतो. तुम्ही एसएमएस कोड मागवून पुन्हा नोंदणी केलीत की तो बाहेर फेकला जातो, पण तुमच्यासमोर त्याने लावलेल्या पिनची मागणी येते. तो माहीत नसेल तर पिनशिवाय आत जाण्यासाठी ७ दिवस थांबावं लागतं. ही एकच गोष्ट श्रोत्यांना खुर्चीत सावरून बसवते: जो पिन तुम्ही लावला नाहीत, तो दुसरा कुणीतरी लावू शकतो.

सावधान: वर्गातल्या कुणाचं खातं खरोखर गेलं असेल तर त्याचं नाव किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील भाषणात घेऊ नका. ऐकणाऱ्यांचं लक्ष त्या व्यक्तीकडे वळतं, आणि पुढे ज्याच्यासोबत असं होईल तो सांगायला कचरेल.

## टप्पा ४: कोड आणि पिन यांतली गल्लत मिटवा

पूर्ण भाषणात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. एसएमएसने येणारा नोंदणीचा कोड सहा आकडी असतो आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिनही सहा आकडीच असतो. वक्ता दोन्हींना “ओटीपी” म्हणून मोकळा होतो. श्रोत्याला वाटतं, “मला तर कोड येतो, म्हणजे माझं सुरूच आहे,” आणि तो सेटिंग उघडतही नाही.

म्हणून शब्द आधीच ठरवून घ्या आणि भाषणभर तेच वापरा. एसएमएसने येतो त्याला कायम कोड म्हणा. आपण स्वतः ठरवतो त्याला कायम पिन म्हणा. “ओटीपी” हा शब्द या भागात वापरूच नका. भाषणात हे एवढ्याच वाक्यांत बसतं:

> “कोड व्हॉट्सअ‍ॅप पाठवतं, दर वेळी नवा असतो आणि सिम ज्याच्याकडे त्याला मिळतो. पिन तुम्ही ठरवता, तो बदलत नाही आणि कुठल्याही संदेशातून येत नाही. त्या माणसाला तुमच्याकडून कोड मिळाला, तरी पुढच्या स्क्रीनवर पिन विचारला जातो आणि तो तिथेच थांबतो.”

इथेच आणखी एक गैरसमज काढून टाका. फोनचं लॉक आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडताना लागणारा बोटाचा ठसा या वेगळ्या सोयी आहेत. त्या तुमचा फोन हातात आलेल्या माणसाला अडवतात. दूर बसून दुसऱ्या फोनवर तुमचा नंबर नोंदवणाऱ्याला त्यांनी काहीच फरक पडत नाही. “माझ्याकडे फिंगरप्रिंट आहे” म्हणणारे श्रोते प्रत्येक सभागृहात भेटतात.

तपासा: हा भाग संपल्यावर विचारा, “ज्यांनी स्वतः सहा आकडे ठरवून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकलेत, त्यांनी हात वर करा.” “ज्यांचं टू-स्टेप सुरू आहे” असं विचारलंत तर गल्लत झालेलेही हात वर करतील.

## टप्पा ५: सेटिंगची चार मिनिटं

आता भाषण बाजूला ठेवा आणि सूचना देणाऱ्याच्या भूमिकेत या. एका वेळी एकच सूचना द्या, स्लाइड बदला, थांबा. सगळ्यात मागच्या रांगेतला मदतनीस हात वर करून “झालं” म्हणेपर्यंत पुढचं वाक्य बोलू नका. ही शांतता वक्त्याला जड वाटते आणि ती भरून काढायला तो काहीतरी बोलत राहतो. तसं करू नका, स्क्रीन वाचणाऱ्याचं लक्ष तुटतं.

पहिली सूचना: “फोन काढा, व्हॉट्सअ‍ॅप उघडा, Settings मध्ये जा.” आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींची जागा सांगा.

दुसरी: “Account, मग Two-step verification.” इथे काहींना Turn off किंवा Change PIN असे पर्याय दिसतील. त्यांचा पिन आधीच सुरू आहे. त्यांनी काही बंद करू नये. आपला पिन आठवतो का आणि ईमेल जोडलेला आहे का एवढं पाहून शेजाऱ्याला मदत करावी.

तिसरी: “बटण दाबण्याआधी सहा आकडे मनात ठरवा.” ही सूचना Turn on दाबण्याच्या आधी यायला हवी. पिनचा रकाना समोर आल्यावर विचार करायला लावलं की माणूस १२३४५६ किंवा जन्मतारीख टाकून मोकळा होतो. जन्मतारीख वर्गातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असते. फोनच्या लॉकचा किंवा पैशांच्या अ‍ॅपचा पिनही इथे नको, कारण एक फुटला की दोन्ही जातात. आवडत्या दोन घटनांच्या वर्षांतले आकडे उलटसुलट जोडणं, असा काहीतरी स्वतःला आठवेल पण दुसऱ्याला सुचणार नाही असा मार्ग चांगला.

चौथी: “आता Turn on दाबा, पिन टाका, तोच पुन्हा टाका.” पंधरा-वीस सेकंद थांबा.

पाचवी: “ईमेल विचारेल. Skip दाबू नका.” चार मिनिटांतली सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच आहे, म्हणून ती दोनदा सांगा. पिन विसरला तर तो काढून टाकण्याची लिंक या ईमेलवर येते. ईमेल दिलेला नसेल आणि पिन विसरला, तर तुमच्याच खात्यासाठी तुम्हालाच ७ दिवस थांबावं लागेल. घाईत बहुतेक जण हीच पायरी वगळतात, आणि पुढे “पिनमुळे मीच अडकलो” म्हणत इतरांनाही बंद करायला सांगतात.

ईमेल कुठला द्यायचा हेही स्पष्ट सांगा. कॉलेजने दिलेला पत्ता नको, कारण शिक्षण संपल्यावर तो बंद होऊ शकतो. स्वतःचा, सध्या उघडता येणारा पत्ता द्या आणि टाकल्यावर एकेक अक्षर वाचून बघा. पत्त्याच्या पडताळणीसाठी त्या ईमेलवर कोड आला तर तोही तिथेच टाकून काम पूर्ण करा.

सहावी: “मागे या आणि Two-step verification पुन्हा उघडा.” आता पिन बदलण्याचे आणि बंद करण्याचे पर्याय दिसले, म्हणजे काम झालं. पुन्हा Turn on दिसत असेल तर सेटिंग साठवलं गेलेलं नाही. बहुतेक वेळा नेटवर्क मध्येच गेलेलं असतं किंवा ईमेलनंतरचं शेवटचं बटण दाबायचं राहिलेलं असतं.

एवढं झालं की लगेच सांगून टाका: “व्हॉट्सअ‍ॅप हा पिन अधूनमधून विचारेल. तुम्ही विसरू नये म्हणून तशी सोय केलेली आहे. अ‍ॅपच्या आत विचारला तर टाका. संदेशात, फोनवर किंवा लिंक उघडून कुणी विचारला तर तो चोर समजा.” हे सांगायचं राहिलं तर काही दिवसांनी अचानक पिन विचारल्यावर लोक गोंधळतात आणि कटकट नको म्हणून सेटिंग बंद करतात.

सावधान: ज्यांचा फोन जुना आहे, चार्ज संपलाय किंवा आणलेलाच नाही, त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. मदतनिसांनी कार्यक्रमानंतर त्यांच्यासोबत बसायचं ठरवा.

## टप्पा ६: ईमेलसाठी दोन मिनिटं आणि एक कागद

ईमेलचं काम घरी करायचं आहे, त्यामुळे भाषणात त्याचा फक्त क्रम सांगायचा. गूगल खात्याचं उदाहरण घ्या. क्रम चुकला तर काय होतं, हे एका प्रसंगातून दाखवलं तर तो लक्षात राहतो.

समजा एका विद्यार्थ्याने टू-स्टेप सुरू केलं, दुसरी पायरी म्हणून फोनवरच लॉग-इनचे कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडलं आणि पर्यायी मार्ग म्हणून त्याच फोनमधला मोबाइल नंबर दिला. ऑथेंटिकेटरची प्रत आपोआप त्याच गूगल खात्यात साठवली जातेय, म्हणून तो निर्धास्त आहे. मग फोन हरवतो. अ‍ॅप गेलं, सिमही गेलं. साठवलेली प्रत मिळवायची तर त्याच खात्यात शिरावं लागेल, आणि तिथे शिरायला कोड हवा. तीन मार्ग होते, पण तिन्ही एकाच वस्तूवर उभे होते. नवं सिम मिळेपर्यंत तो बाहेर राहतो, आणि जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला निघाला तर गोष्ट फारच अवघड होते.

हे टाळणारा क्रम असा:

1. myaccount.google.com उघडून सुरक्षेच्या विभागात नोंदवलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल पाहा. शाळेत असताना दिलेला नंबर अजून तिथेच असतो. आधी तो बदला.
2. मग 2-Step Verification सुरू करा.
3. त्याच पानावरून Backup codes, म्हणजे फोन जवळ नसताना दुसरी पायरी म्हणून वापरायचे कोड, काढा. आठ आकडी १० कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घरी कागदपत्रांसोबत ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट म्हणून ठेवले तर फोनसोबत तेही जातात.
4. हवं असेल तर त्यानंतर ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडा. त्याचे सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतात आणि नेटवर्क नसतानाही चालतात. कोड वारंवार नाकारला जात असेल तर फोनचं घड्याळ तपासा. कोड वेळेवरूनच तयार होतो, म्हणून तारीख-वेळ आपोआप राहू द्या.

श्रोत्यांना एका छोट्या कागदावर हाच क्रम छापून द्या आणि खाली दहा रिकाम्या ओळी ठेवा, कोड लिहायला. कागद हातात असला की काम होण्याची शक्यता बरीच वाढते. त्यावर ईमेलचा पत्ता किंवा पासवर्ड लिहायची जागा मात्र ठेवू नका. कागद सापडणाऱ्याच्या हाती सगळंच लागायला नको.

तपासा: नवा संच काढला की जुने सगळे कोड रद्द होतात. कागदावर शेवटचाच संच असल्याची खात्री करा.

## टप्पा ७: मर्यादा सांगा, आकडे जपून वापरा

“हे सुरू केलंत की कुणी हॅक करूच शकत नाही” हे वाक्य मजकुरात असेल तर खोडून टाका. ते चूक आहे, आणि असं ऐकलेला माणूस नंतर बेफिकीर होतो.

आकडा द्यायचाच असेल तर अर्थासकट द्या. गूगलने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नोंदवलेल्या फोनवर एसएमएसने कोड पाठवल्यामुळे आपोआप चालणारे बॉट १०० टक्के, फसवे संदेश पाठवून पासवर्ड काढून घेणारे, मोठ्या प्रमाणावर केलेले फिशिंग हल्ले ९६ टक्के, तर एखाद्या व्यक्तीला हेरून केलेले हल्ले ७६ टक्के अडले. फोनवर “तुम्हीच आहात का?” असं विचारणाऱ्या सूचनेच्या बाबतीत हेच आकडे १००, ९९ आणि ९० होते. सभागृहात सहाही आकडे वाचू नका. ९६ आणि ७६ हे दोनच पुरेत, कारण त्यांतून नेमका मुद्दा कळतो: सगळ्यांवर टाकलेलं जाळं बहुतेकदा अडतं, पण तुम्हालाच लक्ष्य करणारा माणूस काही वेळा पोचतो.

तो पोचतो कसा, याचे दोन मार्ग सांगितले तरी पुरे. पहिला व्हॉट्सअ‍ॅपचा. पिन फक्त दुसऱ्या फोनवर नव्याने होणारी नोंदणी अडवतो. तुमचं खातं संगणकाला जोडताना पिन विचारला जात नाही. म्हणून कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा जोडणीचा आठ अक्षरी कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकायला लावला, तर पिन असूनही संदेश दुसरीकडे दिसू लागतात. वेळ असेल तर सगळ्यांना Linked devices उघडायला सांगा आणि अनोळखी उपकरण दिसलं तर तिथूनच लॉग-आउट करायला लावा.

दुसरा मार्ग माणसाला थकवण्याचा. पासवर्ड मिळालेला चोर पुन्हा पुन्हा लॉग-इन करतो आणि तुमच्या फोनवर परवानगीच्या सूचना येत राहतात. कंटाळून एकदा “होय” दाबलं की तो आत. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत घुसखोर अशाच रीतीने शिरला होता. तिथल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने अखेर एक विनंती मंजूर केली. तुम्ही लॉग-इन करत नसताना अशी सूचना आली तर “नाही” दाबायचं आणि लगेच पासवर्ड बदलायचा, कारण पासवर्ड फुटल्याशिवाय ती सूचना सहसा येत नाही.

## टप्पा ८: हमखास येणारे प्रश्न

“माझ्या खात्यात चोरण्यासारखं काय आहे?” उत्तर द्या की चोराला तुमचे संदेश नको असतात, तुमचं नाव हवं असतं. तुमच्या नंबरवरून मागितलेले पैसे मित्र आणि घरचे पटकन देतात.

“फोन हरवला तर?” त्याच नंबरचं सिम पुन्हा घ्यायचं, नव्या फोनवर नोंदणी करायची, एसएमएसचा कोड आणि मग आपला पिन टाकायचा. पिन डोक्यात असल्यामुळे तो फोनसोबत जात नाही.

“मी घाईत कोड देऊन बसलो, पण पिन होता. आता?” अशा वेळी तुमचा फोन खात्यातून बाहेर पडू शकतो, पण समोरचा पिनपाशी अडकलेला असतो. लगेच पुन्हा नोंदणी करा. दोन-चार दिवस तसंच सोडू नका, कारण ती ७ दिवसांची मुदत त्याच्याही बाजूने संपत जाते. या प्रश्नाचं उत्तर वक्त्यांना सहसा देता येत नाही, म्हणून नीट पाठ करून ठेवा.

ज्याचं उत्तर ठाऊक नाही अशा अ‍ॅपबद्दल विचारलं तर अंदाजाने मेन्यू सांगू नका. नंतर पाहून कळवतो म्हणा आणि खरंच कळवा.

## टप्पा ९: सराव आणि त्याच संध्याकाळचा संदेश

आरशासमोर केलेल्या सरावातून या भाषणाची वेळ कळत नाही. ज्याने पिन सुरू केलेला नाही असा एक वर्गमित्र समोर बसवा, त्याला फक्त तोंडी सूचना द्या आणि घड्याळ लावा. तो जिथे “कुठे?” असं विचारेल तिथलं वाक्य बदला. शक्य असेल तर एकदा आयफोनवाला आणि एकदा अँड्रॉइडवाला घ्या. एका माणसाला दोन मिनिटं लागली तर सभागृहाला चार धरून चला.

कार्यक्रमानंतर त्याच संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर एक संदेश टाका. त्यात लिंक देऊ नका. सुरक्षेच्या नावाने आलेली लिंक दाबण्याची सवय आपणच लावली, तर उद्या चोराची लिंकही तशीच दाबली जाईल. मार्ग शब्दांत लिहा:

> “सकाळी राहून गेलं असेल त्यांच्यासाठी: व्हॉट्सअ‍ॅप उघडा, Settings, Account, Two-step verification. सहा आकडी पिन ठरवा, ईमेल नक्की द्या. पिन इथे किंवा कुणालाही पाठवू नका. गूगलचं काम कागदावर दिलेल्या क्रमाने आज रात्री करा, बॅकअप कोड कागदावर उतरवा. अडलं तर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, उद्या मधल्या सुट्टीत वाचनालयाबाहेर भेटा.”